मोजायचा रेणू आणि मोजतो आख्खा मॉस : सुगंधाचे सुरक्षा-नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इफ्रा, म्हणजे इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशन, तिच्या मानकांसाठी अभ्यास करणारी रिफम ही संशोधन संस्था, आणि या अभ्यासावर शेवटचा शब्द ज्यांचा चालतो त्या तज्ज्ञ पॅनेलवरची सगळी मंडळी,

नमस्कार.

मी एक छोटी परफ्युमर आहे. एकटीच काम करते, एक टेबल, एक तीन दशांशांपर्यंत मोजणारा काटा आणि कपाटभर बाटल्या, एवढाच पसारा. तुमच्या संस्थेची सदस्य नाही, पण तुमची मानकं माझ्या टेबलावर रोज उघडी असतात. कायद्याने मी सदस्य असो वा नसो, माझा परफ्यूम विकायला ठेवणारा प्रत्येक जण आधी तुमच्या मानकांचं सर्टिफिकेट मागतो, सुरक्षेचा रिपोर्ट करून देणारा तेच मागतो, त्यामुळे तुमचा आकडा हाच माझा कायदा. म्हणून हे पत्र तुम्हाला. उघडपणे लिहितेय कारण हे वास वापरणाऱ्यांनीही वाचावं असं वाटतं, त्यांच्या अंगावर काय येतं आणि काय येत नाही हे शेवटी याच आकड्यांवर ठरतं.

निमित्त असं झालं की मागच्या महिन्यात माझा एक फॉर्म्युला परत आला. शिप्रे घराण्यातला, वर बर्गमॉट, मध्ये गुलाब आणि जाई, खाली लॅबडॅनम, पचौली आणि ओकच्या फांद्यांवरच्या लायकेनचा अर्क, म्हणजे ओकमॉस. ओकमॉस मी साधा घेतला नव्हता, त्यातले ॲलर्जी आणणारे दोन रेणू, ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल, जवळजवळ काढून टाकलेला घेतला होता, पुरवठादाराच्या कागदावर दोन्ही ५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत पाच भागांच्या खाली होते. तरी तपासणाऱ्याने एका ओळीत उत्तर दिलं, तयार परफ्यूममध्ये ओकमॉस ०.१ टक्क्याच्या वर आहे, नापास. मी विचारलं की पण त्यातले ते दोन रेणू किती आहेत हे तुम्ही बघणार का, तर म्हणाले, मानकात तसा रस्ता नाही. चूक त्यांची नाही, त्यांनी मानक जसं आहे तसं वाचलं. रस्ता नाही हे खरं आहे, आणि तो का नाही हाच माझा प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढचं सगळं वाचून कोणी म्हणेल की ही बाई सुरक्षेच्या विरोधात आहे. माझ्या मोठ्या बहिणीला ओकमॉसची ॲलर्जी आहे. आठ वर्षं ती एकच परफ्यूम लावायची, काही झालं नाही. मग एकदा मानेवर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठला, खाज सुटली, आणि उठला तो लावल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यामुळे तिला परफ्यूमचा संशयच आला नाही, साबण बदलून झाला, कपड्यांची पावडर बदलून झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, पुन्हा दोन दिवसांनी बघितलं. आठ सुगंधी पदार्थांचं जे मिश्रण पॅच टेस्टमध्ये असतं, त्याच्या जागी फोड आलेले. मग ते आठ वेगवेगळे लावले आणि सापडला तो ओकमॉस. तिच्या पाठीवरचा तो नाण्याएवढा सुजलेला गोल मी डोळ्यांनी बघितलाय. ही ॲलर्जी एकदा शरीराने शिकली की सहसा विसरत नाही. ताई आता कुठलीही बाटली घेतली की आधी मागची यादी वाचते, एव्हर्निया प्रुनास्त्री एक्स्ट्रॅक्ट हे ओकमॉसचं लेबलवरचं नाव शोधते. तेव्हा मर्यादा नको असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मर्यादा ज्याच्यामुळे त्रास होतो त्याच्यावर हवी.

आता जे वाचक या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ओकमॉस नाव मॉसचं असलं तरी ते शेवाळ नाही, ओकच्या फांद्यांवर वाढणारं दगडफुलाच्या जातीचं लायकेन आहे. वाळलेलं हातात घेतलं तर त्याला फारसा वास नसतो. ते ओलसर करून ठेवतात, मग सॉल्व्हंटने अर्क काढतात आणि अल्कोहोलमधून धुऊन ॲबसोल्युट करतात, काळपट हिरवा, घट्ट, चमच्याला चिकटून राहणारा. मी तो कोमट पाण्यात बाटली धरून पातळ करते आणि अल्कोहोलमध्ये दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवते, नाहीतर थेंब धड मोजताच येत नाही. वास सांगायचा तर ओल्या झाडाची साल, शाई, समुद्राचा थोडा खारटपणा, खाली कातडं. अत्तराच्या भाषेत बोलायचं तर ही जमीन आहे, वरचं सगळं हिच्यावर उभं राहतं. १९१७ साली फ्रान्स्वा कोटी या परफ्युमरने 'शिप्रे' काढला, १९१९ मध्ये जाक गेर्लेंने 'मित्सुको' केला, आणि बर्गमॉट, लॅबडॅनम, ओकमॉस या तीन पायांवर एक आख्खं घराणं उभं राहिलं.

गंमत नाही, पेच असा आहे की वास आणि त्रास एकाच प्रक्रियेतून निघतात. लायकेनमध्ये ॲट्रॅनोरिन आणि क्लोरोॲट्रॅनोरिन नावाचे मोठे रेणू असतात, अर्क काढताना ते तुटतात. तुटून जो एक तुकडा मिळतो तो मॉसच्या वासाचा मोठा भाग, आणि दुसऱ्या बाजूने ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल तयार होतात. हे दोघं अल्डिहाइड आहेत, त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि शरीर त्या जोडीला परका समजून लढायला शिकतं. क्लोरोॲट्रॅनॉल किती जहाल आहे हे २००३ च्या एका अभ्यासात दिसलं, आधीच ॲलर्जी असलेल्या १३ जणांवर केलेला, त्यात पॅच टेस्टला ०.२ पीपीएम इतकं पातळ द्रावणसुद्धा निम्म्या लोकांत प्रतिक्रिया आणायला पुरलं. ०.२ पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भागाचा पाचवा हिस्सा. युरोपियन युनियनने २०१७ साली या दोन्ही रेणूंवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, ऑगस्ट २०१९ पासून तसा नवीन माल बाजारात आणायचा नाही आणि ऑगस्ट २०२१ पासून आधीचाही विकायचा नाही. मला ती बंदी मान्य आहे. हे दोन रेणू कोणाच्याही अंगावर जाऊ नयेत असंच मलाही वाटतं.

आता तुमचं मानक. त्यात ओकमॉसला दोन कुलपं आहेत. एक, अर्कात ॲट्रॅनॉल १०० पीपीएमच्या खाली आणि क्लोरोॲट्रॅनॉल १०० पीपीएमच्या खाली असलं पाहिजे. दोन, असा अर्कसुद्धा अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये, म्हणजे तुमच्या चौथ्या वर्गात, तयार मालाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि सोबत ट्रीमॉस, म्हणजे दुसऱ्या झाडांवरच्या तशाच लायकेनचा अर्क, असेल तर दोघांची बेरीज ०.१ मध्ये बसली पाहिजे.

०.१ टक्का म्हणजे किती ते बाटलीत बघा. पन्नास ग्रॅमच्या बाटलीत पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे ॲबसोल्युटचे जेमतेम दोन थेंब. माझ्या शिकायच्या काळातल्या वहीत एक शिप्रेचा फॉर्म्युला आहे, शंभर ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या मिश्रणात, सहा ग्रॅम ओकमॉस. हे कॉन्सन्ट्रेट अल्कोहोलमध्ये २० टक्के घातलं की तयार परफ्यूममध्ये मॉस होतो १.२ टक्के, मर्यादेच्या बारा पट. मर्यादेत बसायचं तर शंभर ग्रॅममध्ये सहाच्या जागी अर्धा ग्रॅम. किंवा सहा ग्रॅम तसेच ठेवून कॉन्सन्ट्रेटच २० च्या ऐवजी दीड-पावणेदोन टक्के घालायचं, पण मग तो परफ्यूम राहत नाही, वास असलेलं अल्कोहोल होतं. मी सहा ग्रॅम परत मागत नाहीये. त्या वहीतला मॉस न धुतलेला, म्हणजे ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल न काढलेला होता, त्यात ते दोन्ही रेणू भरपूर असणार, तो गेला ते बरंच झालं.

माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं इथे आहे. दोन परफ्यूम शेजारी ठेवा. पहिल्यात असा अर्क आहे की ज्यात क्लोरोॲट्रॅनॉल मानकाच्या काठावर, १०० पीपीएमच्या एक केस खाली, आणि अर्क घातलाय ०.१ टक्का. हिशोब केला तर बाटलीत क्लोरोॲट्रॅनॉल जवळजवळ ०.१ पीपीएम. हा पास. दुसरा माझा, अर्कात ५ पीपीएम, आणि घातलाय ०.४ टक्के, शंभर ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमध्ये दोन ग्रॅम. बाटलीत क्लोरोॲट्रॅनॉल ०.०२ पीपीएम. म्हणजे मॉस चौपट, पण जो रेणू ताईच्या पाठीवर फोड आणतो तो पाचपट कमी. आणि हा नापास. सांगा, ताईने यातला कुठला लावला तर धोका कमी? (तिने दोन्ही लावू नयेत हे खरंच, पण ज्याला अजून ॲलर्जी नाही त्याच्यासाठी म्हणून विचारा.) माझा हिशोब कुठे चुकत असेल तर दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

यावर तुमच्या बाजूने एक उत्तर येऊ शकतं आणि ते मी हलकं मानत नाही. अर्कात हे दोनच रेणू त्रास देतात असं नाही, धुतलेल्या अर्कालाही आधीच ॲलर्जी असलेल्या काही लोकांची त्वचा प्रतिक्रिया देते, कमी देते पण देते. आणखी एक भानगड ट्रीमॉसची, तो पाइनसारख्या राळेच्या झाडांवर वाढतो, त्यामुळे त्याच्या अर्कात राळेची आम्लं येतात आणि ती स्वतःच ॲलर्जी आणू शकतात. म्हणून ओकमॉसमध्ये ट्रीमॉसची भेसळ आहे का हे कळावं यासाठी तुम्ही त्यातल्याच एका आम्लाची, डीहायड्रोॲबिएटिक ॲसिडचीही मर्यादा घातली, ओकमॉसच्या अर्कात ०.१ टक्का, तेही योग्यच आहे. पण मग हे नीट मांडा ना. उरलेल्या पदार्थांमुळे ०.१ टक्क्याचं कुलूप ठेवलंय असं असेल तर कुठल्या पदार्थामुळे, धुतलेल्या अर्कावर वेगळी चाचणी झाली का, झाली असेल तर तिचा आकडा काय आला, हे मानकाच्या शेजारी दोन पानांत लिहा. तुमच्या पद्धतीत त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर किती मायक्रोग्रॅमपर्यंत नवीन ॲलर्जी होणार नाही असा आकडा धरतात, तो सुरक्षेच्या गुणकांनी भागतात आणि माणूस दिवसभरात किती लावतो त्याच्याशी ताडून बघतात. पद्धत चांगली आहे, २०२० च्या ४९ व्या दुरुस्तीपासून तर एकाच दिवशी क्रीम, शॅम्पू, परफ्यूम सगळ्यांतून मिळून त्वचेवर किती जातं हेही धरायला लागलात. माझा प्रश्न इतकाच की जो सुरुवातीचा आकडा धरलाय तो कुठल्या मॉसचा? न धुतलेल्याचा असेल तर तो आज बाजारात असलेल्या मालाचा आकडाच नाही. एकाच पदार्थाला आधी स्वच्छ करायला लावायचं आणि मग अस्वच्छ असल्यासारखंच मोजायचं, असं झालंय की नाही हे मला बाहेरून कळायला मार्ग नाही, आणि कळायला हवा.

दुसरी गोष्ट, रेणूवर मर्यादा घालणं तुम्हाला नवीन नाही. बर्गमॉटचंच बघा, त्याच शिप्रेचा दुसरा पाय. दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं, ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात. तिथे तुम्ही काय केलंय? तेलातलं बर्गाप्टेन मोजलेलं नसेल तर उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर तेल ०.४ टक्क्यांपर्यंतच. पण मोजलेलं असेल तर तेलाकडे बघायचं नाही, तयार मालात सगळ्या तेलांचं मिळून बर्गाप्टेन १५ पीपीएमच्या खाली आहे का एवढंच बघायचं. काय सुंदर नियम आहे हा. ज्याने मोजलं त्याला मोकळीक, ज्याने नाही मोजलं त्याला सरसकट कुंपण. याचा परिणामही दिसला, बर्गाप्टेन काढलेलं तेल सगळीकडे मिळायला लागलं, माझ्या कपाटात तेच आहे, आणि शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम घातलं तरी कोणाच्या मानेवर डाग पडत नाही. उन्हाचा त्रास आणि ॲलर्जी यांची यंत्रणा वेगळी आहे हे मला माहीत आहे, उन्हाच्या बाबतीत शरीर काही शिकत नाही, ॲलर्जीत शिकतं, म्हणून मॉसला जास्त सावध आकडा लागेल, लागू दे. पण नियमाचा आकार तोच ठेवायला काय अडचण आहे ते सांगा.

कारण आजच्या नियमात स्वच्छ माल करण्याचं बक्षीसच नाही. हे रेणू काढायच्या एका रीतीत अर्क अशा पदार्थावरून नेतात ज्याच्यावर अमाइनचे गट असतात, अल्डिहाइड त्याला चिकटून मागे राहतं, म्हणजे ज्या खोडीमुळे तो त्वचेला चिकटतो त्याच खोडीने त्याला पकडायचं. हे करायला मेहनत लागते, वासाचा थोडा भागही सोबत जातो. जो बनवणारा ९५ पीपीएमवर थांबला त्याला आणि जो २ पीपीएमपर्यंत गेला त्याला तुमच्याकडे एकच ०.१ टक्का. मग दुसरा पुढे कशाला जाईल?

तिसरं, कागदांबद्दल. हे मी माझ्यावर बेतलंय म्हणून सांगते, कोणाचं नाव घेणार नाही. एका पुरवठादाराकडून मी दोन वर्षांत तीनदा ओकमॉस घेतला, तिन्ही वेळा सर्टिफिकेट आलं, 'मानकाशी सुसंगत' एवढंच. आकडा नाही. पहिल्या दोन लॉटचा रंग आणि वास सारखा, तिसरा उघडला तर त्यात राळेची, टर्पेंटाइनसारखी झाक. ब्लॉटरवर, म्हणजे वास बघायच्या कागदी पट्टीवर, पहिल्या तासात जास्तच. मला ट्रीमॉसचा संशय आला. विचारलं की या लॉटमधलं डीहायड्रोॲबिएटिक ॲसिड किती, ॲट्रॅनॉल किती, तर तीन आठवड्यांनी उत्तर आलं की आमचा माल मानकात बसतो. बसत असेलही. पण लक्षात घ्या, राळेची झाक नाकाला कळते, ॲट्रॅनॉल नाकाला कळत नाही. ५ पीपीएमचा अर्क आणि ५०० पीपीएमचा अर्क मी डोळे मिटून वेगळे ओळखू शकत नाही, कोणीच नाही ओळखू शकत. त्यासाठी लॅबचं यंत्र लागतं आणि ते मोजणं मोठ्या कंपनीला रोजचं काम आहे, माझ्यासारखीला प्रत्येक लॉटमागे परवडणारं नाही. तो लॉट मी वापरला नाही, बाटली अजून तशीच आहे. जबाबदारी मात्र माझ्या लेबलवर माझ्या नावाने.

चौथं थोडक्यात. मॉस कमी करा म्हटलं की लगेच सांगतात त्याच्या जागी मिथाइल बीटा-ऑर्सिनॉलकार्बॉक्सिलेट घाला, एव्हर्निल किंवा व्हेरामॉस नावाने मिळतं ते. मी वापरते. चांगला पदार्थ आहे, कोरडा, पावडरसारखा, आणि खऱ्या मॉसमधला मोठा तुकडाही हाच. पण मी माझा शिप्रे दोन तऱ्हांनी करून ठेवला होता, एक ०.४ टक्के धुतलेल्या मॉसचा, दुसरा ०.१ टक्का मॉस आणि बाकी एव्हर्निलचा. पहिला तास दोघांत फरक सांगणं कठीण. सहा तासांनी दुसऱ्याच्या ब्लॉटरवर पचौली आणि लॅबडॅनम वेगळे वेगळे उभे, मधलं शाईसारखं, ओलं जे काही त्यांना बांधून ठेवतं ते गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याला अजून जंगल होतं, दुसऱ्याला गोडसर पावडर. अर्कात डझनावारी लहान लहान रेणू असतात, एक मोठा रेणू त्यांची जागा घेत नाही. हे मी सौंदर्याचं रडगाणं म्हणून नाही सांगत, एवढ्यासाठी सांगते की ०.१ आणि ०.४ मधला फरक तुमच्या तक्त्यात एक दशांश आहे, माझ्या कामात एक आख्खं घराणं राहतं की जातं इतका आहे. म्हणून त्या आकड्याचं कारण मागायचा हक्क मला आहे असं मी मानते.

आणि एक वापरणाऱ्यांसाठी. तुमच्या मर्यादा नवीन ॲलर्जी होऊ नये यासाठी बेतलेल्या आहेत, ज्याला आधीच आहे त्याला वाचवणं हे त्या मर्यादेचं काम नाही, हे तुमच्याच पद्धतीत लिहिलेलं आहे, पण बाहेर कोणाला माहीत नाही. ताईला वाटायचं, मानकात बसतं म्हणजे मी लावू शकते. नाही लावू शकत. तिला वाचवतं ते लेबल. युरोपात अंगावर राहणाऱ्या मालात ओकमॉसचा अर्क ०.००१ टक्क्याच्या वर असला की नाव छापावं लागतं, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या शंभराव्या भागालाच. तिला वाचवणारा नियम हा आहे. ज्या बाटल्यांवर यादीच नसते, नुसतं 'परफ्यूम' एवढा शब्द असतो, तिथे ०.१ टक्का पाळला काय आणि ०.०५ पाळला काय, ताईला सारखाच धोका.

तेव्हा माझ्या मागण्या या.

ओकमॉसच्या मानकात बर्गमॉटसारखे दोन रस्ते करा. ज्याने मोजलेलं नाही त्याला आजचा ०.१ टक्का जसा आहे तसा. ज्याच्याकडे लॉटचे मोजलेले आकडे आहेत त्याला तयार मालातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉलची मर्यादा, आणि राळेच्या आम्लांचीही. आजच्या नियमात जास्तीत जास्त ०.१ पीपीएम जाऊ शकतं, मी त्याच्या पाचव्या भागात राहायला तयार आहे, तुम्ही दहावा भाग म्हणालात तरी चालेल. आणि धुतलेल्या अर्काचे उरलेले पदार्थ बघता एकूण अर्कालाही एक वरची हद्द लागत असेल तर ती धुतलेल्या अर्काची चाचणी करून ठरवा.

०.१ टक्का कसा आला याचं दोन पानी टिपण मानकासोबत जोडा, ज्यात सुरुवातीचा आकडा कुठल्या दर्जाच्या अर्कावरून धरला ते असेल. तुम्हाला ते माहीतच असणार, लपवायचं कारण दिसत नाही.

मॉस विकणाऱ्या प्रत्येक सदस्याने सर्टिफिकेटवर त्या लॉटचे तीन आकडे छापावेत, ॲट्रॅनॉल, क्लोरोॲट्रॅनॉल, डीहायड्रोॲबिएटिक ॲसिड. 'सुसंगत' हा शब्द पुरे नाही. मोजून बघितल्याशिवाय सुसंगत म्हणता येत नाही, म्हणजे आकडे त्यांच्याकडे असायलाच हवेत, मग ते आमच्यापर्यंतही येऊ देत.

आणि जिथे कायद्याने यादी छापावी लागत नाही तिथेही ओकमॉस आणि ट्रीमॉस असले तर बाटलीवर नाव हवं, हे तुमच्या मानकाचाच भाग करा. मर्यादा सैल होईल तेव्हा तर हे आधी हवं. माझ्या बाटल्यांवर मी आजपासूनच छापतेय, मॉस किती आहे हेही सोबत.

माझ्या नापास झालेल्या फॉर्म्युल्याचा कागद, अर्काचे आकडे आणि वर केलेला हिशोब, सगळं मी तुमच्या तज्ज्ञ पॅनेलला द्यायला तयार आहे. शंका असेल तर तो तिसऱ्या लॉटचा मॉसही देईन, न उघडल्यासारखाच आहे, तुम्हीच मोजा. दोन तऱ्हांचे ब्लॉटर सोबत पाठवते, पहिल्या तासात नका हुंगू, सहा तासांनी हुंगा.

उत्तराची वाट बघते.

आपली,
एक छोटी परफ्युमर, आणि ओकमॉस न चालणाऱ्या एका ताईची धाकटी बहीण